'हॅड बेटर'मधला 'हॅड' आणि आपलं 'बरं'

प्रश्न: परीक्षेत मी 'यू हॅड बेटर गॉन होम' लिहिलं, तर चूक दिलं. 'हॅड'नंतर तिसरं रूप येतं ना? आणि पुस्तकात 'आय वुड रादर यू केम टुमॉरो' असं वाक्य आहे. उद्याच्या गोष्टीला 'केम' कसं? प्रिफर, वुड रादर, हॅड बेटर या तिघांचा घोळ कोणी सोडवेल का?

उत्तर:

इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहितो आहे. मोठ्याने वाचा, म्हणजे कानालाही सवय होईल. या तिघांच्या बाबतीत निम्मं काम कानच करतो.

तुमची चूक फक्त 'हॅड'मुळे झालेली नाही. मनात मराठी वाक्य होतं, 'तू घरी गेलेलं बरं.' या 'गेलेलं'मुळे भूतकाळाचा भास होतो. त्यात समोर 'हॅड' आयतं उभं होतं. दोघांनी मिळून तुमच्याकडून 'गॉन' लिहून घेतलं. मी शिकवतो तिथे ही चूक इतक्या वेळा बघितली आहे की आता वहीत 'गॉन' दिसलं की मला मागचं मराठी वाक्य ऐकू येतं.

'हॅड बेटर' हे 'शुड' आणि 'मस्ट' यांच्या पंगतीला बसवा. शुड गो, मस्ट गो, तसंच हॅड बेटर गो. पुढे क्रियापद अगदी कोरं: 'टू' नाही, 'इंग' नाही, तिसरं रूप नाही. यातलं 'हॅड' काळ दाखवत नाही. बोलणं आत्ताचं किंवा थोड्याच वेळात व्हायच्या गोष्टीचं असतं. म्हणून 'ही' आला तरी 'ही हॅज बेटर' होत नाही, 'ही हॅड बेटर'च राहतं. नकार द्यायचा तर 'नॉट' शेवटी, क्रियापदाच्या अगदी आधी येतो: 'यू हॅड बेटर नॉट गो.' आणि तुम्हाला खरोखरच 'तू तेव्हा घरी जायला हवं होतंस' असं म्हणायचं असेल, तर 'यू शुड हॅव गॉन होम' लिहा. तिथे तुमच्या 'गॉन'ला हक्काची जागा आहे.

रूप इतकं सोपं आहे. खरी मेख आहे ती सुरात, आणि ती परीक्षेत कळत नाही. मला ती एका मेलने शिकवली. मी तेव्हा भाषांतराची कामं करत असे. काम देणाऱ्या बाईंना मी लिहिलं, 'यू हॅड बेटर सेंड द फाइल बाय फ्रायडे.' माझ्या मनात होतं, 'शुक्रवारपर्यंत फाइल पाठवलीत तर बरं होईल.' अगदी मवाळ विनंती. त्यांचं उत्तर आलं एका ओळीचं: काही अडचण झाली आहे का? मला आधी कळेचना की त्या रागावल्या का.

झालं असं होतं की आपलं 'बरं' मऊ आहे आणि इंग्रजीतलं 'हॅड बेटर' टोकदार. त्याच्या पोटात नेहमी एक न बोललेलं वाक्य असतं: 'नाहीतर बघा.' मी त्या बाईंना मराठीत सांगायचं तर 'शुक्रवारपर्यंत फाइल पाठवा, नाहीतर तुमचं तुम्ही बघा' असं लिहून बसलो होतो. वरिष्ठांना, ग्राहकाला किंवा फारशी ओळख नसलेल्या माणसाला 'यू हॅड बेटर' म्हणायचं नसतं. आई मुलाला म्हणते, डॉक्टर बेफिकीर पेशंटला म्हणतो, जवळचा मित्र मित्राला म्हणतो. तिथे ते शोभतं.

गंमत म्हणजे हेच शब्द स्वतःबद्दल वापरले की धार निघून जाते. 'आय हॅड बेटर गो' म्हणजे 'चला, निघायला हवं मला'. पाहुणा उठताना हे सर्रास म्हणतो आणि कुणाला वावगं वाटत नाही, कारण 'नाहीतर उशीर होईल' ही धमकी तो स्वतःलाच देत असतो. 'वी हॅड बेटर हरी' हेही तसंच, सगळे एकाच बोटीत.

अजून एक मर्यादा. 'हॅड बेटर' समोरच्या एखाद्या ठरावीक प्रसंगापुरतंच चालतं. 'माणसाने रोज व्यायाम करावा' यासारख्या सर्वसाधारण उपदेशाला 'शुड' वापरा. 'पीपल हॅड बेटर एक्सरसाइज एव्हरी डे' हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं, जणू उद्यापासून कुणीतरी हजेरी घेणार आहे.

मग त्या मेलमध्ये मी काय लिहायला हवं होतं? साधं 'कुड यू सेंड द फाइल बाय फ्रायडे?' पुरेसं होतं. किंवा माझी पसंती सांगायची असेल तर 'आय वुड प्रिफर टू हॅव द फाइल बाय फ्रायडे.' इथून आपण सल्ल्याच्या घरातून पसंतीच्या घरात शिरतो, आणि तिथे तुमचा 'केम' बसलेला आहे.

'वुड रादर'चे दोन संसार आहेत आणि ते कर्ता कोण यावर ठरतात. पसंती माझी आणि कृतीही माझीच असेल तर क्रियापद पुन्हा कोरं: 'आय वुड रादर वॉक.' त्यापेक्षा मी चालत जाईन. तुलना हवी तर 'दॅन' आणि पुन्हा कोरं क्रियापद: 'आय वुड रादर वॉक दॅन वेट.' नकार 'आय वुड रादर नॉट वॉक.' कुणी काही सुचवलं आणि ते नको असेल, तर नुसतं 'आय'ड रादर नॉट' म्हणून सभ्यपणे सुटका करून घेता येते.

पण पसंती माझी आणि कृती दुसऱ्याची असेल तर क्रियापद भूतकाळाच्या रूपात जातं. 'आय वुड रादर यू केम टुमॉरो.' पुस्तकं इथे 'अवास्तव भूतकाळ' असं भारदस्त नाव देतात आणि मुलं घाबरतात. घाबरण्यासारखं काहीच नाही, कारण आपण दिवसातून दहा वेळा हेच करतो. या वाक्याचं मराठी करून बघा: 'तू उद्या आलास तर बरं.' 'आलास'! उद्याच्या गोष्टीला 'आलास' म्हणताना आपल्याला कधी अडखळायला होत नाही. अजून घडलेलं नाही, घडावं असं वाटतं, म्हणून रूप एक पाऊल मागे जातं. दोन्ही भाषांनी इथे एकच युक्ती केली आहे. नकारही तसाच जुळतो: 'आय वुड रादर यू डिडन्ट टेल हिम' म्हणजे 'तू त्याला नाही सांगितलंस तर बरं.'

समोरच्याने आधीच सांगून टाकलं असेल तर? मराठीत रूप आणखी एक पाऊल मागे सरकतं, 'तू नसतं सांगितलंस तर बरं झालं असतं.' इंग्रजीतही सरकतं, 'आय वुड रादर यू हॅडन्ट टोल्ड हिम.' इथे 'हॅड' आणि तिसरं रूप दोन्ही हजर आहेत, पण 'बेटर'सोबत नव्हे.

हे लक्षात आलं की त्या मेलची आणखी एक पायरी दिसते. 'आय वुड रादर यू सेंट इट बाय फ्रायडे' व्याकरणाने निर्दोष आहे, 'हॅड बेटर'पेक्षा सौम्यही आहे, पण त्यातही 'माझी मर्जी अशी आहे' हा सूर उरतोच. अनोळखी माणसाला मी तरी 'कुड यू'च लिहीन.

आता 'प्रिफर'. हे साधं, नेहमीचं क्रियापद आहे, म्हणून सवयीची आवड सांगायला तेच उत्तम: 'आय प्रिफर ट्रेन्स टू बसेस.' इथे आपलं 'पेक्षा' आडवं येतं आणि हाताने 'दॅन' लिहिलं जातं. दोन नामांची किंवा दोन 'इंग'वाल्या रूपांची तुलना असेल तर मध्ये 'टू'च हवा: 'आय प्रिफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग.' पण 'प्रिफर'च्या पुढे 'टू वॉक' आलं तर दुसरा 'टू' कानाला खटकतो, म्हणून 'रादर दॅन' येतं: 'आय प्रिफर टू वॉक रादर दॅन ड्राइव्ह.' आणि 'मोअर प्रिफर' लिहू नका. 'जास्त' हे 'प्रिफर'च्या अर्थातच मुरलेलं आहे.

एखाद्याच वेळेची पसंती असेल तर 'वुड प्रिफर' आणि पुढे 'टू'. 'आय वुड प्रिफर टू वेट' आणि 'आय वुड रादर वेट' यांच्या अर्थात जवळजवळ फरक नाही, पहिलं थोडं औपचारिक इतकंच. चुका होतात त्या त्यांचे शेपूट एकमेकांना लावल्याने: 'वुड रादर टू वेट' आणि 'वुड प्रिफर वेट'. दुसऱ्याने थांबावं असं वाटत असेल तर 'आय वुड प्रिफर यू टू वेट' म्हणा. 'प्रिफर'सोबत 'वेटेड' हवंच असेल तर मध्ये 'इट इफ' लागतं: 'आय वुड प्रिफर इट इफ यू वेटेड.'

एक प्रसंग घेऊ. दोघं लांबच्या प्रवासाला निघणार आहेत, बाहेर धुकं आहे. पहिला म्हणतो, 'आय प्रिफर ड्रायव्हिंग ॲट नाइट.' ही त्याची कायमची आवड. दुसरी म्हणते, 'आय'ड रादर वी लेफ्ट इन द मॉर्निंग.' तिची आजची पसंती, पण निघायचं दोघांनी. कर्ता बदलला, म्हणून 'लेफ्ट'. तेवढ्यात रेडिओवर रस्ता बंद झाल्याची बातमी येते आणि पहिलाच म्हणतो, 'वी'ड बेटर स्टे हिअर.' आता आवडीनिवडीचा प्रश्न उरलाच नाही, नाहीतर अडकून पडू.

या शेवटच्या दोन वाक्यांत 'वुड' आणि 'हॅड' दोघेही आखडून नुसता 'ड' झाले आहेत. पुढे 'रादर' असेल तर तो 'वुड', 'बेटर' असेल तर 'हॅड'. शेपटीच्या प्रश्नात हे उघड होतं: 'यू'ड बेटर गो, हॅडन्ट यू?' पण 'यू'ड रादर गो, वुडन्ट यू?' जुन्या इंग्रजी लिखाणात 'हॅड रादर' सापडेल, कारण पूर्वी ते चालायचं. आज परीक्षेत लिहू नका. बोलताना 'बेटर'आधीचा 'ड' बरेचदा गिळलाच जातो आणि कानावर 'यू बेटर गो' पडतं. तो ऐकून समजून घ्या, पेपरात मात्र 'हॅड' पूर्ण लिहा.