अरबीत 'तकरार' म्हणजे तक्रार नव्हे

प्रश्न: दुबईत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. बेडरूमचं छत गळतंय, एजंट म्हणतो मालकाला अरबीत लेखी द्या. विषयात 'तकरार' लिहिलं तर चालेल ना, शब्द तर अरबीच आहे? 'छत गळतंय'ला नेमकं काय म्हणतात? आणि सुरुवातीला अस्सलामु अलैकुम लिहायचं का?

'तकरार' अजिबात लिहू नका. शब्द अरबीच आहे, पण तिकडे त्याचा अर्थ 'पुन्हा पुन्हा करणं', पुनरावृत्ती एवढाच. आपल्याकडे तो फारसीतून आला, तेच तेच बोलणं, मग वाद, मग गाऱ्हाणं असा घसरत घसरत आला आणि इथे येऊन पक्का झाला. अरब माणसाने विषयाच्या ओळीत 'तकरार' वाचलं तर त्याला वाटेल की हे पत्र आधीही आलं होतं आणि आता परत पाठवलंय. तक्रारीला अरबीत 'शक्वा' म्हणतात, हिंदीतली 'शिकायत' याच धातूची. पण माझं मत विचाराल तर पहिल्या पत्रात शक्वासुद्धा नको, कारण शक्वा साधारणपणे एखाद्या ऑफिसकडे कोणाच्या तरी विरुद्ध करतात आणि तुम्ही तर अजून त्याच माणसाला कळवताय. त्यासाठी 'इश्आर' हा शब्द आहे, म्हणजे सूचना, नोटीस. किंवा मग नुसता बिघाडच विषयात लिहायचा, ते सगळ्यात सुटसुटीत.

आता गळण्याबद्दल. पाणी गळणं, झिरपणं याला 'तसर्रुब' म्हणतात आणि 'तसरीब' असाही एक शब्द ऐकू येतो. दोन्ही एकाच धातूचे, फरक आपल्या 'गळणं' आणि 'गाळणं'सारखा: तसर्रुब म्हणजे पाणी आपलं आपण गळतंय, तसरीब म्हणजे कोणीतरी ते गळू देतंय. बोलताना लोक तसरीबही सर्रास वापरतात, प्लंबरच्या जाहिरातींवर दोन्ही दिसतात, पण लेखी पत्रात 'तसर्रुब' घ्या, त्यात कोणावर आरोप होत नाही.

खरा घोळ 'छत' या शब्दात आहे. मराठीत पंखा टांगतो तेही छत आणि वरची गच्ची घातली तरी छतच. अरबीत हे दोन वेगळे शब्द आहेत, खोलीत उभं राहून वर पाहिलं की दिसतो तो 'सक्फ', आणि इमारतीच्या डोक्यावरची गच्ची ती 'सत्ह'. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहताय आणि पत्रात लिहिलंत की सत्ह गळतंय, तर मालक सरळ म्हणेल की गच्चीचा आणि तुमच्या फ्लॅटचा काय संबंध. म्हणून 'तसर्रुब मियाह मिन सक्फ गुर्फत अन्-नौम', बेडरूमच्या छतातून पाण्याची गळती, एवढंच लिहायचं. खाली जिप्समचं फॉल्स सीलिंग असेल तर त्याला 'सक्फ मुस्तआर' म्हणतात, शब्दशः उसनं छत, ते वेगळं नमूद करा कारण पाणी त्याच्या वर कुठेतरी साठून भलत्याच ठिकाणी टपकतं.

कारण मात्र स्वतःच्या मनाने लिहू नका. एसी चालू असतानाच पाणी येत असेल तर बहुतेक वेळा एसीचा ड्रेन तुंबलेला असतो, वरच्या घरात कोणी आंघोळ केली की थोड्या वेळाने येत असेल तर वरच्या बाथरूमचं पाइप किंवा वॉटरप्रूफिंग गेलेलं असतं, आणि फक्त पावसानंतर येत असेल आणि तुम्ही शेवटच्या मजल्यावर असाल तर मग सत्हचा प्रश्न. कधी आणि किती वेळ टपकतं ते लिहा, ते तुम्हाला माहीत आहे. कारण शोधणं हे त्याच्या माणसाचं काम. 'वरच्यांच्या बाथरूममुळे' असं तुम्हीच लिहून दिलंत तर मालकाला वरच्या मालकाकडे बोट दाखवायची सोय होते आणि तुम्ही दोघांच्या मधे अडकता.

एक शब्द ऐकून लिहू नका म्हणून सांगतो. खलीजी बोलीत, म्हणजे आखाताकडच्या रोजच्या अरबीत, गळतंय याला 'यखिर्र' म्हणतात, वॉचमन किंवा शेजारी म्हणेल 'अस्-सक्फ यखिर्र'. बोलायला एकदम बरोबर. पण लेखी अरबीत त्याच धातूचं 'खर्र' म्हणजे कोसळणं. कुराणात सूरा अन्-नह्लच्या 26व्या आयतीत त्यांच्यावर छत कोसळलं असं जे आहे तिथे क्रियापद हेच आणि शेजारी सक्फही हाच. तेव्हा बोलीतला शब्द जसाच्या तसा पत्रात गेला तर वाचणारा दचकेल.

सुरुवात. अस्सलामु अलैकुम लिहिलं तर चूक नाही, पण औपचारिक पत्रात धर्म कोणताही असो चालेल असा मायना म्हणजे 'तहिय्या तय्यिबा व बअद'. तहिय्या म्हणजे अभिवादन, तय्यिबा म्हणजे चांगलं, आणि 'व बअद' म्हणजे 'आणि यानंतर', आपल्या जुन्या पत्रांत 'विशेष' असायचं ना, जवळजवळ तेच काम, नमस्कार संपला आता मुद्द्यावर येतो. त्याच्या वरच्या ओळीत मालकाचं नाव, आधी 'अस्-सय्यिद' आणि शेवटी 'अल्-मुहतरम'. हा मुहतरम विसरू नका, नावामागे तो नसला तर पत्र उर्मट वाटतं, आपण नुसतं 'पाटील' लिहावं तसं. आणि एकटाच मालक असला तरी पत्रभर त्याला अनेकवचनी 'कुम' लावायचं, मराठीतलं 'आपणांस'.

मालकाला 'मालिक' म्हटलेलं चालतं, पण कायद्याचा शब्द 'मुअज्जिर', भाड्याने देणारा, आणि तुम्ही 'मुस्तअजिर', भाड्याने घेणारा. दोन्ही 'अज्र' म्हणजे मोबदला याच धातूतून आलेत, आपला इजारा, इजारदार आणि दुबईत करार नोंदवायची 'इजारी' हे सगळं त्याच घरातलं. हे शब्द का महत्त्वाचे, तर दुबईचा भाड्याबद्दलचा कायदा, 2007चा 26 क्रमांकाचा, याच शब्दांत बोलतो. त्याच्या कलम 16 प्रमाणे करारात काही वेगळं ठरलं नसेल तर मुदतभर घराची देखभाल आणि राहण्यात अडथळा आणणारा 'ऐब' किंवा 'खलल' दुरुस्त करणं मुअज्जिरवर आहे. इथला ऐब म्हणजे माणसाचा अवगुण नव्हे, वस्तूतला दोष, आणि खलल म्हणजे बिघाड. आणि 'करारात वेगळं ठरलं नसेल तर' हे शब्द फार मोलाचे आहेत, बऱ्याच करारांत छोटी दुरुस्ती भाडेकरूने करायची असं कलम असतं, त्यामुळे पत्र टाइप करायच्या आधी तो कागद काढून वाचाच.

मधला भाग असा करता येईल, मी देवनागरीत देतोय ते वाचायच्या सोयीसाठी, टायपिंग सेंटरमध्ये अरबी लिपीत करून घ्या:

'उफीदुकुम बि-अन्नी मुस्तअजिर अश्-शक्का अल्-मझकूरा अअलाह.' वर मजकूर केलेल्या फ्लॅटचा मी भाडेकरू आहे असं आपणांस कळवतो. मझकूरा म्हणजे आपलं कोर्टकचेरीतलं 'मजकूर', इथे अर्थ तसाच्या तसा टिकलाय. फ्लॅट नंबर आणि बिल्डिंगचं नाव विषयाच्या ओळीत घातलेलं असलं पाहिजे, नाहीतर 'वर मजकूर' म्हणण्यात अर्थ नाही.

'व कद लाहझ्तु मुन्झु तारीख 3 मारिस तसर्रुब मियाह मिन सक्फ गुर्फत अन्-नौम, मिम्मा अद्दा इला तलफ अद्-दिहान व झुहूर अल्-अफन.' 3 मार्चपासून बेडरूमच्या छतातून पाणी गळताना दिसतंय, त्यामुळे रंग खराब झालाय आणि बुरशी आलीये. 3 मार्च हा नमुना, तिथे तुमची तारीख घाला. इथे 'नुकसान' लिहायचा मोह होईल, तो टाळा, अरबीत नुक्सान म्हणजे कमी पडणं, तूट. आपल्या अर्थाचं नुकसान म्हणजे 'दरर', अनेकवचन 'अद्रार'. गादी, कपाट, काही भिजलं असेल तर ते अद्रारमध्ये एकेक नाव घेऊन लिहा.

'व अलैहि अर्जू मिन्कुम अत्-तकर्रुम बि-इस्लाह अल्-खलल खिलाल मुद्दत सब्अत अय्याम मिन तारीख इस्तिलाम हाझा अल्-खिताब.' तरी हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांच्या मुदतीत बिघाड दुरुस्त करण्याची कृपा करावी. तारीख आणि मुदत हे दोन्ही शब्द निर्धास्त वापरा, अर्थ आपलाच आहे. सात दिवस हा माझा आकडा, पाणी लाइटच्या पॉइंटजवळ येत असेल तर दोनच दिवस मागा आणि तो स्विच आत्ताच बंद करा.

'व फी हाल अदम अल्-इस्तिजाबा, अह्तफिझु बि-हक्की फी अल्-लुजू इला मर्कझ फद्द अल्-मुनाझआत अल्-ईजारिय्या.' प्रतिसाद न मिळाल्यास भाडेतंटे केंद्राकडे जाण्याचा माझा हक्क मी राखून ठेवतो. हे केंद्र दुबईत 2013च्या 26 क्रमांकाच्या फर्मानाने सुरू झालं. 'हक्क राखून ठेवतो' हीच रीत आहे, 'मी केस करीन' असं लिहू नका, त्याने पत्र धमकीसारखं वाचलं जातं आणि काम दोन्हीचं एकच. काही जण ही ओळ पहिल्या पत्रात टाळतात, मी ठेवीन, फक्त शेवटून दुसरी.

आणि शेवट 'व तफद्दलू बि-कबूल फाइक अल्-इह्तिराम', माझा अत्यंत आदर आपण कबूल करून घ्यावा. हा साचाच आहे, तो तसाच ठेवायचा. खाली सही, तारीख, मग 'मुर्फकात: सुवर', म्हणजे सोबत फोटो. टायपिंग सेंटरवाला सवयीने स्वतःची दोन-चार आदराची वाक्यं वाढवतो, ती चालतील, पण त्याने तसर्रुबच्या जागी काही दुसरं घातलंय का आणि तारखा, फ्लॅट नंबर बरोबर आहेत का ते तिथेच उभं राहून बघा, आकडे तर अरबी न येणाऱ्यालाही पडताळता येतात.

राग आला म्हणून भाड्याचा चेक थांबवू नका. त्याच कायद्यात कलम 25 आहे, मालकाने नोटीस दिल्यापासून 30 दिवसांत भाडं भरलं नाही तर तो घर खाली करून मागू शकतो, मग गळतीचं पत्र बाजूला राहून तुमचीच बाजू लंगडी होते.

उत्तरात बहुधा एक शब्द येईल, 'सयतिम्मु', म्हणजे 'केलं जाईल', पुढे 'करीबन', लवकरच. कोण करणार, कधी करणार काहीच नाही त्यात. त्यावर एवढंच लिहून पाठवा: 'अर्जू तह्दीद अल्-मौइद', कृपया वेळ ठरवून कळवावी.