पीएचडीच्या शिफारसपत्रात फील्डवर्कबद्दल काय लिहावं?

प्रश्न: माझी भाषाविज्ञानात एमए झालेली विद्यार्थिनी पीएचडीला अर्ज करतेय. तिचं फील्डवर्क आणि विश्लेषण चांगलं आहे. पत्रात ते कसं मांडू?

उत्तर: तिच्या कामातला एकच प्रसंग निवडा आणि तो नीट सांगा. ‘मेहनती, हुशार’ प्रत्येक पत्रात असतं, निवड समिती ते वाचून पुढे जाते.

समजा तिने मेळघाटात कोरकूवर काम केलंय. कोरकूत सजीव नामांना एकवचन, द्विवचन आणि अनेकवचन अशी तीन वचनं आहेत. मराठीत वाक्यं देऊन ‘हे कोरकूत कसं म्हणाल?’ एवढंच विचारलं, तर द्विवचन सहज निसटतं, कारण मराठीत ते नाहीच. तिने गोष्टी रेकॉर्ड केल्या, त्यात दोघांसाठी वेगळा प्रत्यय ऐकला, मग माणूस, बैल, दगड असे शब्द घेऊन तो कुठे लागतो आणि कुठे नाही हे तपासलं, असं घडलं असेल तर तेच लिहा. फील्डवर्क आणि विश्लेषण, दोन्ही त्यात आपोआप दिसतात.

त्याला जोडून दोन-तीन वाक्यांत सांगा की ती गावात कशी राहिली, बोलणाऱ्यांची संमती कशी घेतली, रेकॉर्डिंगच्या नोंदी दुसऱ्याला वापरता येतील अशा ठेवल्या का. तुम्ही स्वतः पाहिलंय तेवढंच लिहा. तिच्या वह्या किंवा लिप्यंतरं तुम्ही तपासली असतील, तर तसं स्पष्ट म्हणा, त्याने पत्राला वजन येतं.

पत्र दीड-दोन पानांचं पुरे. तिचा प्रबंध-प्रस्ताव आधी मागून घ्या, म्हणजे निवडलेला प्रसंग त्याच्याशी जुळेल.