बांधणीत पिवळ्याचे कूळ आणि गुलाबीचे कूळ

प्रश्न: मी घरी सुती ओढणीवर बांधणी करते. पिवळा, लाल, हिरवा आणि जांभळा असे चार रंग घेतले, तर एकदा सगळे भडक दिसले आणि दुसऱ्यांदा चिखलासारखे झाले. रंग उठावदार दिसावेत, पण भडक नकोत, यासाठी ते कसे जुळवावेत?

उत्तर: तुमच्या चार रंगांपैकी जांभळा काढून टाका, म्हणजे निम्मी अडचण तिथेच संपेल. हे मी स्वतःची एक ओढणी वाया घालवून शिकले आहे. बडोद्यात नवरात्र जवळ आले की घरोघरी चनियाचोळीची गडबड सुरू होते, आणि अशाच एका वर्षी भाचीसाठी ओढणी रंगवताना मी हळदी पिवळ्यावर हौसेने जांभळा चढवला. गाठी सोडल्यावर हाती आला तो चहाच्या चोथ्याचा रंग.

याचे कारण असे की बांधणीत रंग एकमेकांशेजारी लावले जात नाहीत, ते एकावर एक चढतात. गाठीखाली जे झाकले गेले तेवढेच जुन्या रंगाचे राहते, बाकी सर्व कापडावर नवा रंग जुन्यात मिसळतो. पिवळ्यावर लाल चढला की कुंकवासारखा ऊबदार लाल मिळतो आणि निळा चढला की हिरवा मिळतो. जांभळ्यात मात्र लाल आणि निळा दोन्ही असतात, त्यामुळे खालच्या पिवळ्याला धरून तिन्ही मूळ रंग एकत्र येतात आणि तपकिरी, मातकट छटा तयार होते. लालावर हिरवा चढवल्यावरही हेच घडते. म्हणून एका ओढणीत रंगांचे एकच कूळ ठेवावे. पिवळ्याच्या कुळात पांढरा, पिवळा, लाल आणि हिरवा येतात, तर गुलाबीच्या कुळात पांढरा, गुलाबी आणि जांभळा. पिवळ्याच्या कुळातले लाल आणि हिरवा एरवी एकमेकांशी भांडणारे रंग आहेत, परंतु दोघांच्याही पोटात तोच पिवळा असल्यामुळे ते एका घरातले वाटतात.

पुढच्या वर्षी मी केलेली ओढणी तपशिलाने सांगते. अडीच मीटर मलमल, वजन साधारण 150 ग्रॅम. कापड आधी साबण आणि धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात धुतले, कारण कोऱ्या कापडाची खळ रंग नीट बसू देत नाही. पांढरे राहायचे ते ठिपके दोऱ्याने घट्ट बांधले आणि कापड साध्या पाण्यात भिजवून पिळले. गाठीच्या आत आधीच पाणी असले की रंग तितक्या सहज आत शिरत नाही. सुतावर थंड पाण्यात चढणारे जे रिअॅक्टिव्ह रंग मिळतात त्यांतला पिवळा दीड ग्रॅम, 3 लिटर पाणी आणि 150 ग्रॅम मीठ असा घोळ केला, आणि काही वेळाने त्यात विरघळवलेला धुण्याचा सोडा सुमारे 50 ग्रॅम घातला. पाऊण तासाने कापड काढून खळबळले, थोडे सुकू दिले आणि पिवळे राहायचे ठिपके बांधले.

आता मुख्य युक्ती. दोन्ही टोकांपासून वीतभर अंतरावर कापडाच्या चुण्या घालून अर्धा इंच रुंदीचा दोऱ्याचा घट्ट पट्टा गुंडाळला आणि फक्त ती टोके त्या पट्ट्यापर्यंत निळ्या घोळात बुडवली. पाऊण ग्रॅम निळा एवढ्या भागाला पुरला आणि टोके हिरवी झाली. मग ती धुऊन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पट्ट्यावरच करकचून बांधली आणि मधला सारा भाग लाल घोळात टाकला. लाल 4.5 ग्रॅम घेतला, बाकी प्रमाण पिवळ्याप्रमाणेच. शेवटी दोरा निघाला तेव्हा लाल आणि हिरव्याच्या मधोमध बारीक पिवळी रेघ उरली होती. ही रेघ नसेल तर लाल आणि हिरव्याच्या सीमेवर डोळा ठरत नाही, कडा लवलवल्यासारख्या दिसतात. भडकपणा म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो तो बहुतेक वेळा रंगांत नसतो, या सीमेवर असतो.

दुसरी गोष्ट वाटणीची. या ओढणीत लाल सर्वांत जास्त आहे, हिरवा टोकांपुरता आणि पिवळा-पांढरा केवळ ठिपक्यांत व रेघेत. लाल आणि हिरवा निम्मे-निम्मे ठेवले असते तर दोघांनीही आरडाओरडा केला असता. आपल्याकडे गुजराती लग्नांत दिसणारे घरचोळे आठवा. लाल अंग, त्यावर जरीच्या चौकटी आणि चौकटींत पांढरे-पिवळे बारीक ठिपके, एवढ्या मोजक्या रंगांवर ते किती झगमगते! ठिपके अंगापेक्षा ठळकपणे फिके असतात, हे त्यामागचे कारण. लालावर तेवढ्याच गडद हिरव्याचे ठिपके टाकले तर ते जवळून चमचमतात, आणि दहा पावले मागे गेल्यावर डोळाच त्यांना लालात मिसळून तपकिरी करून टाकतो. बांधणीचा ठिपका खरे तर एक छोटे कडे असते, कारण गाठीच्या टोकाला दोऱ्याबाहेर राहिलेल्या कापडावर अंगाचाच रंग चढतो. म्हणूनच कडे फिके असले तर ते दुरूनही वाचता येते.

याची परीक्षा रंगवण्याआधीच होऊ शकते. त्याच मलमलीच्या कातरणी घेऊन एक नुसती पिवळी, एक पिवळ्यावर लाल, एक पिवळ्यावर निळा आणि एक लालावर निळा अशा रंगवाव्यात, वाळल्यावर शेजारी ठेवाव्यात आणि मोबाइलने काळा-पांढरा फोटो काढावा. ज्या दोन कातरणी फोटोत एकाच करड्या दिसतील त्यांना अंग आणि ठिपका अशी जोडी करू नये. कातरणी ओल्या असताना निर्णय घेऊ नका, ओला रंग नेहमी गडद दिसतो.

तुमचे रंग 'चिखलासारखे' होण्याचे आणखी एक कारण धुण्यात असू शकते. न बसलेला सुटा रंग गाठी उघडल्यावर पांढऱ्या ठिपक्यांत जाऊन बसतो आणि पांढरा गुलाबट, पिवळा नारिंगी होतो. गाठी तशाच ठेवून आधी थंड पाण्यात, मग साबण घातलेल्या गरम पाण्यात पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे, वाळवावे आणि मगच दोन्ही हातांनी कापड आडवे ताणावे. दोरे तटतट सुटतात.

हे सारे सुतापुरते आहे. रेशमाला सोडा सोसत नाही, त्याला अॅसिड रंग आणि व्हिनेगरचा घोळ लागतो, आणि पॉलिस्टरवर यातले काहीच चढणार नाही.

जांभळा हवाच असेल तर त्याची वेगळी ओढणी करा. पांढरे ठिपके बांधून पिवळ्याऐवजी फिका गुलाबी द्या, मग गुलाबी राहायचे ठिपके बांधा आणि शेवटी वरून निळा चढवा. निळा हात राखून, गुलाबीच्या जेमतेम बरोबरीने घ्या, नाहीतर जांभळ्याऐवजी गडद निळी ओढणी हाती येईल. पिवळ्याचा हात लागलेली भांडी आणि काठी मात्र त्या दिवशी नीट घासून घ्या.