दिल्लीतली स्वस्त डिझेल गाडी पुण्यात आणणे परवडते का?

प्रश्न: पुण्यात साडेचार लाखांना मिळणारी 2018 ची डिझेल हॅचबॅक दिल्लीत सव्वातीन-साडेतीन लाखांत दिसते. इतका फरक का? तिकडून आणावी का?

उत्तर: दिल्लीतल्या त्या भावात गाडीच्या अवस्थेपेक्षा तिथल्या नियमांचा वाटा मोठा आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. 2025 मध्ये न्यायालयाने कारवाईला काहीसा आवर घातला, तरी तिथला ग्राहक आठ वर्षांची डिझेल गाडी घ्यायला धजावत नाही. महाराष्ट्रात ही वयोमर्यादा नाही, म्हणून त्याच गाडीला इथे मागणी आहे. पेट्रोल गाड्यांत एवढा फरक सहसा दिसत नाही.

मात्र हा सगळा फरक आपल्या खिशात पडत नाही. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची असेल तर नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला रस्ताकर भरावा लागतो. तो आपण दिलेल्या किमतीवर नव्हे, तर गाडीच्या मूळ किमतीवर, वयानुसार कमी होत आकारला जातो. समजा, गाडी नवी असताना आठ लाखांची होती, दिल्लीत ती 3,30,000 रुपयांना ठरली आणि पुण्यातला भाव 4,50,000 आहे. ढोबळ अंदाजाने कर 50,000, ट्रकभाडे 20,000, एनओसी व एजंट 12,000, पाहणीसाठी जाण्यायेण्याचे 10,000 धरले, तर 1,20,000 च्या फरकातले 28,000 उरतात. दिल्लीत भरलेल्या कराच्या परताव्यासाठी तिथे अर्ज करता येतो, पण तो हिशेबात धरू नये. शिवाय उद्या विकताना नव्या क्रमांकाची गाडी पाहून इथला ग्राहकही भाव पाडून मागेल. माझ्या मते 50,000 हून कमी उरत असतील तर या फंदात पडू नये.

तरीही घ्यायचीच असेल, तर थकीत चलने आणि बँकेचा बोजा परिवहन पोर्टलवर तपासावा, आणि फॉर्म 28 वरची एनओसी विक्रेत्याने स्वतः काढून हाती दिल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. ‘एनओसी मागाहून पाठवतो’ या आश्वासनावर गाडी आणली तर इथे नोंदणी अडते आणि विक्रेता फोन उचलेनासा होतो.

त्यापेक्षा मुंबई आणि ठाण्यातल्या जाहिराती आधी पाहाव्यात. राज्यातल्या राज्यात क्रमांक बदलत नाही आणि कर पुन्हा लागत नाही, त्यामुळे 30,000 चा फरकसुद्धा जवळपास पूर्ण हाती राहतो. पुण्यातल्या विक्रेत्याशी घासाघीस करतानाही तो भाव दाखवता येतो. मुंबईच्या गाडीचे किलोमीटर कमी असले तरी कोंडीमुळे क्लच झिजलेला असू शकतो. पुराचे पाणी शिरले होते का, हे पाहण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते बघावे, आणि स्टेपनीखालचा गाळ व सीटच्या रुळांवरचा गंज तपासावा. यातले काही आढळले तर भाव कितीही कमी असो, ती गाडी सोडून द्यावी.