म्यूट काढ आधी

ताई, आईबाबांच्या लग्नाला ३५ वर्षं होतायत. १९९० च्या लग्नाच्या कॅसेटपासून, १९९९ च्या हँडीकॅमपासून ते मोबाईलपर्यंतच्या क्लिप्स जोडून ८ मिनिटांचा व्हिडिओ केलाय. त्यावर मी भाषण करणार आहे, ४ पानं झालीत, बहीण म्हणते बोअर आहे. आईबद्दल भरपूर सुचतं, बाबांबद्दल काहीच नाही. ते मुळात कमी बोलतात, आणि शूटिंग तेच करायचे त्यामुळे व्हिडिओतही फारसे दिसत नाहीत. (मूळ आवाज म्यूट करून जुनी गाणी टाकलीत, कारण मागे नुसती खरखर आणि बाबांचं "जरा इकडे बघ की गं" चालू असतं.) भाषण कसं लहान करू? कार्यक्रम १२ दिवसांवर आलाय.

अरे बाबा, ते कंस काढ आधी. सगळ्या पत्रात कामाचं वाक्य एकच, आणि तेच तू कंसात टाकलंस!

बाबा दिसत नाहीत म्हणतोस, पण हँडीकॅमचा माईक कॅमेऱ्यातच असतो, म्हणजे सगळ्यात जवळ कोण, तर शूटिंग करणारा, त्यामुळे त्या टेपवर सगळ्यात स्पष्ट आवाज बाबांचाच असणार. कमी बोलणारा माणूस कॅमेरा हातात आला की बोलत होता, बायकोशी बोलत होता, आणि तू त्याचं तोंड बंद करून वर गाणं लावलंस. आणि मला विचारतोस बाबांबद्दल काय बोलू. मला राग आलाय खरंतर.

आज रात्री हेडफोन लाव आणि फक्त ऐक, स्क्रीनकडे बघूच नकोस. बाबा काय बोलतात ते वर्ष आणि मिनिटासकट वहीत लिही. मग परत बघ, तू फ्रेमबाहेर पळालास की कॅमेरा तुझ्यामागे येतो का आईवरच थांबतो, ते पण लिही. एडिटिंगमधे म्यूट केलं म्हणून मूळ फाईलमधला आवाज जात नाही, तो तिथेच असतो. मूळ फाईलच मुकी निघाली तर बहुतेक कॅसेट उतरवताना फक्त चित्राची पिवळी वायर लावली असेल, आवाजाची पांढरी-लाल राहिली असेल, मग ती कॅसेट परत उतरवून घे. तासाभराची टेप उतरायला तासभरच लागतो, १२ दिवस पुष्कळ झाले. फक्त टेपवर पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी असते, आपल्याकडच्या दमट हवेत धरतेच, तशी कॅसेट घरच्या प्लेअरमधे घालू नकोस, हेड खराब होईल, ती दुकानातच साफ करून घे.

आता भाषण. ४ पानं फाडून टाक. त्या काळी लग्नाच्या कॅसेटवर स्टुडिओवाले बऱ्याचदा सरसकट सिनेमाची गाणी चढवायचे, तुमच्या कॅसेटवर पण खरा आवाज नसेल, म्हणून तुझं बोलणं तिथेच, त्या एक मिनिटावर. आरामात बोललास तर मिनिटात साधारण १०० शब्द होतात, तेवढेच लिही. असं काहीतरी: "ह्या कॅसेटमधे बाबा दिसतात. नीट बघून घ्या, कारण ह्यानंतर ते जवळजवळ दिसणार नाहीत. १९९९ ला हँडीकॅम घेतला आणि ते त्याच्या मागे गेले. मला वाटायचं ते आमचं शूटिंग करतायत. परवा मी पहिल्यांदा आवाज लावून ऐकलं. ते काय करत होते ते तुम्हीच ऐका." एवढं बोल आणि माईक खाली ठेव. ह्यात तुझ्या वहीतलं एखादं वाक्य, कुठल्या साली कुठे, एवढीच भर घाल. आईसाठी वेगळा परिच्छेद लिहू नकोस, पुढची सात मिनिटं तिचीच आहेत.

पुढे बाबा बोलतात तिथे गाणं एकदम खाली आण, ऐकू येईल न येईल इतकं, आणि ते गप्प झाले की हळूच वर. खरखर थोडीच कमी कर, फिल्टर जास्त लावलास तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, त्यापेक्षा खरखर बरी. हॉलमधे आवाज घुमतो आणि मागच्या रांगेतल्या आत्या-काकांना काही कळत नाही, म्हणून बाबांची वाक्यं खाली मोठ्या अक्षरात मराठीत टाक, ते बोलले तशीच, शुद्ध वगैरे करू नकोस. आणि आदल्या दिवशी हॉलच्याच स्पीकरवर लावून बघ, लॅपटॉपवर ऐकून खूश होऊ नकोस.

बाबांना आधी काही दाखवू नकोस, "कशाला उगाच" म्हणून काढायला लावतील आणि तू काढशील.

एक राहिलं, त्या दिवशी त्यांचा मोबाईल बहिणीच्या पर्समधे ठेवायला सांग. नाहीतर तू बोलायला उभा राहिलास की ते खुर्चीतून उठून तुझं शूटिंग करायला लागतील.