'मनगटी फटका', 'चिकिता' की नुसता 'फ्लिक'?

प्रश्न : टेबल टेनिसमध्ये आखूड सर्व्हिसवर मारायच्या बॅकहँड फ्लिकला आमच्या क्लबात कोणी 'मनगटी फटका' म्हणतं, कोणी 'चिकिता'. दोन्ही एकच का? आणि 'मनगट मार' असं सांगतात तसं केलं की बॅकस्पिनवर चेंडू जाळीत जातो. शब्द चुकतोय की मी?

उत्तर : दोन्ही एक नाहीत, आणि चूक बरीचशी शब्दाची आहे.

टेबलावर ज्याचा दुसरा टप्पा पडला असता अशा आखूड चेंडूवर, टेबलाच्या आत हात घालून केलेला कुठलाही आक्रमक फटका म्हणजे फ्लिक. तो फोरहँडनेही होतो. काही देशांत त्यालाच 'फ्लिप' म्हणतात, तो फरक फक्त बोलण्याचा. 'चिकिता' हा बॅकहँड फ्लिकचा एक विशिष्ट प्रकार आहे. त्यात चेंडूला टॉपस्पिनसोबत साइडस्पिनही दिला जातो आणि चेंडूची वाट केळ्यासारखी वळते, म्हणून केळ्यांच्या एका प्रसिद्ध ब्रँडचं नाव त्याला चिकटलं. चेक खेळाडू पेत्र कोरबेल यांच्याशी हा फटका जोडला जातो. पुढे २०११ आणि २०१३चा विश्वविजेता आणि २०१२चा ऑलिंपिक विजेता झांग जिके याने तो आक्रमणाचं मुख्य हत्यार केला. फोरहँडच्या कोपऱ्यात आलेली आखूड सर्व्हिससुद्धा तो बॅकहँडनेच उचलायचा.

'मनगटी फटका' हे नाव मात्र मला पटत नाही, कारण ते ऐकणारा खरोखरच नुसतं मनगट मारतो. या फटक्यात मनगट सर्वांत शेवटी येतं. आधी पाय, मग कोपर, मग कोपरापासून पुढचा हात आणि त्या हाताच्या वेगावर स्वार होऊन मनगट. पहिले तीन जागेवर नसतील तर मनगटाने कितीही झटका दिला तरी बॅट चेंडूला पाठीमागून सपाट लागते. मग बॅकस्पिन रबराला धरून चेंडूला खाली ओढतो.

उदाहरण घेऊ. तुम्ही उजवे आहात आणि समोरच्याने बॅकस्पिनची आखूड सर्व्हिस तुमच्या टेबलाच्या मध्याच्या जरा उजवीकडे टाकली. चेंडू जाळी ओलांडताना लांबी कळते, आणि उजवा पाय तेव्हाच टेबलाखाली गेला पाहिजे. बॅकहँड मारायचा असला तरी पाय उजवाच, कारण त्यानेच खांदा आणि कोपर चेंडूजवळ जातात. पाऊल टेकलं, वजन त्यावर आलं, छाती टेबलावर झुकली, मगच फटका. क्लब खेळाडूंत सगळ्यांत जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे पाय आणि बॅट एकदम जाणं. चालत्या शरीरावरून एवढा बारीक स्पर्श साधत नाही.

पाय पडत असतानाच कोपर वर आणि पुढे येतं, साधारण छातीच्या खालच्या उंचीला आणि शरीरापासून बरंच पुढे. मनगट आत वळतं, बॅटचं टोक पोटाकडे किंवा त्याहूनही थोडं मागे येतं. मनगटाचं निम्मं काम हे, चेंडू येण्याआधीचं. या वेळी मूठ सैल हवी. घट्ट मुठीत मनगट पुरेसं आत वळतच नाही, आणि वळलेलं नसेल तर उलगडायला काही उरत नाही.

आता वेळ. बॅकस्पिनवर चेंडू टप्प्यानंतर सगळ्यांत वर पोचतो तिथे, किंवा त्याच्या किंचित आधी, बॅट लागली पाहिजे. जाळीची उंची १५.२५ सेंटिमीटर. उंच बिंदूवर चांगली आखूड सर्व्हिस साधारण तेवढ्याच उंचीला असते, म्हणून फटका पुढे जाऊ शकतो. चेंडू खाली आला की आधी तो उचलावा लागतो, आणि इतक्या छोट्या हालचालीत उचलणं आणि पुढे ढकलणं दोन्ही बसत नाही.

स्पर्श कुठे, यात या फटक्याचं खरं मर्म आहे. बॅकस्पिनचा आस चेंडूच्या डाव्या बाजूकडून उजव्या बाजूकडे आडवा असतो. त्यामुळे चेंडूची मागची आणि खालची बाजू वेगाने फिरते, डाव्या-उजव्या टोकांना मात्र पृष्ठभाग जवळजवळ स्थिर असतो. जातं फिरताना कडेला वेग असतो आणि मधल्या खिळीपाशी नसतो, तसंच. चिकितात बॅट चेंडूच्या मागे-डावीकडे लागून त्याला वळसा घालते, म्हणजे त्या शांत भागाजवळ. समोरच्याचा स्पिन कमी बोचतो आणि तुमचा स्पिन चढवायला जागा मिळते. कोपर जागेवर ठेवून त्याच्याभोवती पुढचा हात फिरू द्या. ऐन स्पर्शाच्या वेळी बोटं आवळली की मनगट आपोआप सुटतं. फटका संपताना बॅटचं टोक उजवीकडे-पुढे आलेलं दिसलं पाहिजे.

स्पिन नसलेल्या सर्व्हिसवर हा वळसा लागत नाही. तिथे चेंडूच्या मागे, थोडं वर लागणारा साधा फ्लिक पुरतो, आणि तो अधिक वेगवान असतो.

आता तुमचा चेंडू जाळीत का जातो, हे ओळखायच्या खुणा. स्पर्शाचा आवाज ऐका. लाकडाचा ठोक आवाज आला तर बॅट सपाट लागली, बहुधा मागच्या बाजूला. रबर घासल्याचा बारीक आवाज येऊनही चेंडू जाळीत गेला तर स्पर्श उशिरा झाला, म्हणजे पाय उशिरा पडला. उलट चेंडू टेबलाबाहेर लांब जात असेल तर मनगटाला दोष देऊ नका. बहुतेक वेळा सर्व्हिसमध्ये बॅकस्पिन नव्हता आणि तुम्ही असल्यासारखी बॅट उघडी ठेवली. मोबाइलने बाजूने स्लो मोशन चित्रण करून स्पर्शाच्या क्षणी थांबवा आणि दोनच गोष्टी पाहा : उजवा पाय जमिनीवर टेकलेला आहे का, आणि कोपर बरगडीला चिकटलंय की पुढे आहे. 'मनगट मार' ऐकून खेळणाऱ्यांचं कोपर जवळजवळ नेहमी बरगडीला सापडतं.

फटक्यानंतरचं पाऊलही फ्लिकचाच भाग धरा. टेबलाखालचा उजवा पाय जमिनीला ढकलून लगेच मागे यायला हवा, कारण चांगला प्रतिस्पर्धी तुमचा फ्लिक टॉपस्पिननेच परत करतो. आपल्या उदाहरणात तुम्ही उजवीकडे सरकलेले आहात, म्हणजे डावा कोपरा उघडा आहे. अशा वेळी मी समोरच्याच्या कोपरावर, फोरहँड-बॅकहँडच्या सांध्यात फ्लिक करायला सांगतो. त्याला आधी बाजू ठरवावी लागते आणि तेवढ्यात तुम्ही मागे पोचता.

ज्या सर्व्हिसचा दुसरा टप्पा टेबलाच्या कडेबाहेर पडतो ती मात्र फ्लिकसाठी सोडून द्या. तिथे पाय टेबलाखाली गेला की चेंडू अंगात येतो आणि कोपराला जागाच राहत नाही. तो चेंडू पाय बाहेर ठेवून, थोडा खाली येऊ देऊन लूप करायचा.

क्लबात सूचना देताना 'फ्लिक' हाच शब्द राहू द्या, तो सगळ्यांना कळतो. 'मनगट मार'ऐवजी 'कोपर पुढे, मूठ सैल' म्हणा.