रात्री बारानंतरच्या ऑर्डर रिपोर्टमध्ये मागच्या महिन्यात का दिसतात?

«सोलापुरातून चादरी-टॉवेल ऑनलाइन विकतो. मार्चच्या ऑर्डर पोर्टलच्या रिपोर्टमध्ये ४१२ आणि आमच्या वहीत ४०५. पोर्टलचे लोक म्हणतात रिपोर्ट बरोबर आहे. मग सात ऑर्डर कुठून आल्या?»

दादा, वही आणि रिपोर्ट दोन्ही बरोबर असतील, फक्त घड्याळं वेगळी आहेत. बहुतेक पोर्टल वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत साठवतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणून पोर्टलची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. १ एप्रिलला रात्री १२:४० ला आलेली ऑर्डर तिथे ३१ मार्च, १९:१० अशी पडते. उलट ३१ मार्चला रात्री ११:५० ची ऑर्डर दोन्हीकडे मार्चमध्येच राहते. घोळ होतो तो बारा ते साडेपाचच्या मधल्या ऑर्डरचा.

आता कळकळीने सांगतो, सात ऑर्डरची फरकाची नोंद टाकून हिशेब जुळवू नका. आम्हाला एका हेल्पडेस्कने नेमका हाच सल्ला दिला होता आणि त्याचा मनस्ताप फार झाला. महिन्याला दोन टोकं असतात. समजा १ एप्रिलच्या पहाटेच्या ९ ऑर्डर मार्चमध्ये घुसल्या आणि १ मार्चच्या पहाटेच्या २ फेब्रुवारीत गेल्या. फरक सातचा दिसतो, पण चुकीच्या महिन्यात ११ ऑर्डर आहेत. त्यात मार्च म्हणजे आर्थिक वर्षच बदलतं. पुढे एखादी ऑर्डर परत आली की ती कोणत्या महिन्यातून वजा करायची, हे त्या नोंदीवरून कळत नाही.

आधी फाइल कोणत्या घड्याळाची आहे ते बघा. तासवार ऑर्डर मोजा. आपल्याकडे पहाटे तीन ते पाच शुकशुकाट असतो. तो फाइलमध्ये रात्री साडेनऊ ते साडेअकराला दिसला, तर वेळ यूटीसी. तीन ते पाचलाच दिसला, तर ती आधीच भारतीय वेळ आहे, काही मिळवू नका. दोनदा साडेपाच तास मिळवले की संध्याकाळी साडेसहानंतरची प्रत्येक ऑर्डर दुसऱ्या दिवशी जाते, आणि तेव्हाच तर गिऱ्हाईक जास्त असतं.

वेळ `2025-03-31T19:10:00Z` अशी असेल तर एक्सेल तिला मजकूर समजतं. A2 मध्ये ती असताना B2 मध्ये हे टाका:

```
=DATEVALUE(LEFT(A2,10))+TIMEVALUE(MID(A2,12,8))+TIME(5,30,0)
```

तारखेसाठी `=INT(B2)`, आणि त्या रकान्याला तारखेचा फॉरमॅट द्या.

रिपोर्ट अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेत असेल तर हे चालणार नाही. तिथला दिवस आपल्या दुपारी, उन्हाळ्यात साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला बदलतो.

जीएसटीत कोणती तारीख धरायची ते सीएला विचारा. ऑर्डरची, बिलाची आणि पैसे जमा झाल्याची तारीख वेगवेगळी असू शकते.

यापुढे फाइल महिन्याच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवस जास्त घेऊन उतरवा, म्हणजे २८ फेब्रुवारी ते १ एप्रिल. वेळ बदलून झाल्यावरच मार्च गाळून घ्या. नेमका मार्चच उतरवला तर १ मार्चच्या पहाटेच्या त्या दोन ऑर्डर फाइलमध्ये येणारच नाहीत.